ग्रासिम सिमेंटमध्ये का? एका प्रतिक्रियेला उत्तर

> "तुमच्या तक्त्यात ग्रासिम 'सिमेंट'मध्ये बघून धक्काच बसला. आम्ही सोलापूरकर सुताच्या धंद्यातली माणसं, ग्रासिम म्हणजे व्हिस्कोस हे पोरालाही माहीत आहे. कंपनीचा ताळेबंद उघडून बघितला असता तरी कळलं असतं. सगळ्यात मोठा विभाग बघून शिक्का मारायचा तर तो व्हिस्कोसचाच बसतो. आणि एवढ्या निरनिराळ्या धंद्यांच्या कंपनीला एकच शिक्का मारायचाच कशाला?"

नमस्कार. कोणत्या धंद्याच्या शेअरमध्ये किती पैसे आहेत हे दाखवणाऱ्या माझ्या तक्त्यात मी ग्रासिमला 'सिमेंट'चा शिक्का मारला, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. तुम्ही ताळेबंद उघडून बघितलात हे मला मनापासून आवडलं, कारण आपला मतभेद तिथेच आहे. तुम्ही उघडलात तो एकल निकाल, म्हणजे फक्त ग्रासिम या कंपनीचा. मी धरलाय तो एकत्रित, म्हणजे उपकंपन्यांसकट.

२०२३-२४ चा एकल महसूल साधारण २६ हजार कोटी आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनणारा कापडाचा तंतू. तिथवर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण त्याच वर्षाचा एकत्रित महसूल सुमारे १ लाख ३१ हजार कोटी आहे. त्यातले जवळपास ७१ हजार कोटी अल्ट्राटेक या एकट्या सिमेंट उपकंपनीचे, म्हणजे ५४ टक्के. एकल निकालात यातला एक रुपयाही महसूल म्हणून दिसत नाही. तिथे अल्ट्राटेक फक्त 'गुंतवणूक' या ओळीत असते आणि तिचा लाभांश तेवढा येतो. होटगीच्या कारखान्यातून सिमेंटचं पोतं बाहेर पडलं की त्याची विक्री ग्रासिमच्या एकत्रित हिशेबात धरली जाते, एकल हिशेबात नाही. शेअर घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्ही येतं.

कोणता निकाल समोर आहे हे ओळखायला त्या वर्षाचा एकूण आकडा बघा. २६ हजारांच्या आसपास असेल तर एकल, लाखाच्या पुढे असेल तर एकत्रित. काही संकेतस्थळं आधी एकल आकडेच दाखवतात, त्यामुळे ही गल्लत फार जणांची होते.

आता तुम्ही न विचारलेला पण खरा कठीण प्रश्न. अल्ट्राटेकमध्ये ग्रासिमचा वाटा ५७ टक्क्यांच्या आसपास, तरी हिशेबात तिची विक्री शंभर टक्के धरली जाते. हा सिमेंटला झुकतं माप देणारा प्रकार नाही का? म्हणून मी वाट्याप्रमाणे मोजून बघितलं. ७१ हजारांचे ५७ टक्के म्हणजे साधारण ४० हजार कोटी. एकत्रित महसुलातून अल्ट्राटेकचे ७१ हजार आणि ग्रासिमचे स्वतःचे २६ हजार वजा केले की ३४ हजार उरतात, त्यातले बहुतेक आदित्य बिर्ला कॅपिटल या वित्त उपकंपनीचे. तिथे वाटा निम्म्याहून थोडा जास्त, म्हणून १८ हजार धरू. ग्रासिमचे स्वतःचे २६ हजार, पण त्यात व्हिस्कोसखेरीज रसायनंही आहेत. बेरीज ८४ हजार, त्यात सिमेंट ४८ टक्के. निम्म्याच्या खाली आलं, तरी पहिला नंबर सुटला नाही.

वित्त विभागाचा आकडा तर फुगलेलाच असतो. विम्याचा सगळा हप्ता आणि कर्जावरचं सगळं व्याज तिथे महसूल म्हणून येतं, मग त्यातलं बरंचसं कंपनीला कर्ज देणाऱ्यांकडे आणि विमाधारकांकडे परत का जाईना. इतकं फुगूनही तो दुसराच राहतो.

महसुलावर डोळे झाकून विसंबू नये हे मात्र मान्य. जागतिक निर्देशांकांसाठी वापरल्या जाणाऱ्या जीआयसीएस वर्गीकरणातही एका धंद्याचा महसूल ६० टक्क्यांपर्यंत पोचत नसेल तर नफाही बघतात. आपले ५४ टक्के, म्हणजे बघायलाच हवं. त्या वर्षी व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीच्या एकत्रित नफ्यात अल्ट्राटेकचा वाटा सुमारे दोन तृतीयांश होता. दोन्ही काटे एकाच बाजूला झुकले, म्हणून मी 'सिमेंट' लिहिलं. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यादीतही ग्रासिम सिमेंटमध्येच आहे. दोन काटे दोन दिशांना गेले असते तर मी एका वर्षावर निर्णय न घेता तीन वर्षांची सरासरी बघितली असती. नाहीतर दरवर्षी शिक्का बदलत राहतो आणि जुन्या वर्षांशी तुलनाच करता येत नाही.

एकच शिक्का कशाला, तर तक्ता शंभर टक्क्यांत बसवायचा असतो. एक कंपनी दोन रकान्यांत पूर्णच्या पूर्ण मोजली तर बेरीज शंभराच्या वर जाते, आणि तुकडे करून वाटायची तर दर तिमाहीला नव्याने वाटत बसावं लागतं. शिवाय ज्याच्याकडे अल्ट्राटेक आणि ग्रासिम दोन्ही आहेत, त्याने ग्रासिम 'कापडा'त टाकली तर त्याला वाटतं आपण दोन धंद्यांत पैसे विभागले. सिमेंटचे भाव पडले की दोन्ही शेअर एकदम खाली येतात, तेव्हा कळतं.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मात्र मी मनावर घेतला आहे. माझ्या तक्त्यात व्हिस्कोसचा मागमूसच नव्हता, आणि सुताच्या भावावर रोज नजर ठेवणाऱ्या माणसाला तीच माहिती हवी असते. आज शिक्क्याशेजारी 'दुसरे मोठे विभाग' असा रकाना वाढवलाय. ग्रासिमसमोर त्यात वित्त, व्हिस्कोस, रसायनं या क्रमाने नावं आहेत. तुमच्या धारणेतल्या आणखी कोणत्या कंपनीबद्दल अशीच शंका असेल तर कळवा, तिचाही एकत्रित निकाल काढून बघू.