विषयोगाची भीती आणि संकष्टी-रंगपंचमीच्या दोन पत्रिका

"पत्रिकेत चंद्र-शनी एका राशीत आले की विषयोग. अशा मुलाचं लहानपण हालात जातं, आईवर भार पडतो, मन जन्मभर उदास राहतं. शांती केल्याशिवाय सुटका नाही."

हा मेसेज कोल्हापुरात घरोघरी फिरतोय आणि तरण्या आयांची झोप उडवतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब. शनी एका राशीत अडीच वर्षं असतो, तर चंद्र सव्वासत्तावीस दिवसांत बारा राशी फिरतो. म्हणजे दर महिन्याला साधारण सव्वादोन दिवस चंद्र शनीच्याच राशीत असतो आणि त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हा योग लागतो. वर्गातल्या साठ मुलांत चार-पाच जणांचा असायचाच. त्या सगळ्यांचं लहानपण सारखंच हालात गेलं, असं कुठे दिसतं? त्यामुळे नुसती 'एक राशी' पाहून भविष्य सांगता येत नाही. अंश, स्थान, दृष्टी आणि दशा बघावीच लागते.

उदाहरणाला मार्च 2012 घेऊ. 11 तारखेला संकष्टी होती, 12 ला रंगपंचमी. शनी तुळेत चार अंशांच्या आसपास होता. संकष्टीला सकाळी साडेनऊला आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या मुलीचा चंद्र शनीला जवळजवळ चिकटलेला. रंगपंचमीच्या रात्री दहाला जन्मलेल्या मुलाचा चंद्र मात्र सव्वीस अंशांवर, म्हणजे शनीपासून बावीस अंश पुढे निघून गेलेला. मेसेजच्या हिशेबात दोघेही सारखेच विषयोगाचे. पण जाणकार माणूस घट्ट युती मुलीचीच धरेल. मुलाच्या पत्रिकेत राशी एक आहे, एवढंच.

आता याच युतीवर कोणाची नजर आहे ते बघा. शनी तुळेत उच्चीचा. तुळेचा स्वामी शुक्र समोर मेषेत, आणि त्याच्या शेजारी गुरू. दोघांचीही सातवी दृष्टी थेट या जोडीवर. त्या आठवड्यात संध्याकाळी रंकाळ्यावर उभं राहिलं की पश्चिमेला हे दोन तेजस्वी ग्रह अगदी जवळजवळ दिसायचे. मुलीचं जन्मलग्न मेष, म्हणून तिची युती सप्तमात. मुलाचं जन्मलग्न तूळ, म्हणजे शनी त्याचा योगकारक, शुभ फळ देणारा, आणि लग्नातच बसलेला. दोघांनाही हा शनी केंद्रात उच्चीचा, म्हणून शश हा शुभ योगही होतो. एकाच शनीवरून विष तेवढं सांगायचं आणि शश योग गाळायचा, याला पत्रिका वाचणं म्हणत नाहीत.

लहानपणीच्या कष्टांची गोष्ट मात्र अगदी हवेतली नाही. चंद्रावर शनी असताना जन्म म्हणजे साडेसातीच्या मधल्या टप्प्यात जन्म. या दोघांची साडेसाती ऑक्टोबर 2017 ला संपली, साडेपाच वर्षांची असताना. चंद्र मातेचा कारक, म्हणून परंपरेत हा काळ बाळापेक्षा घराच्या, विशेषतः आईच्या ओढाताणीचा वाचतात: बाळंतपणात माहेरचा आधार नसणं, वडिलांची नोकरी जाणं, घर बदलावं लागणं. त्याला शेवट असतो, हे मेसेजात कुठेच नाही.

त्यापुढचं दशा ठरवते. मुलीचा चंद्र चित्रेत, जन्मदशा मंगळाची, शिल्लक सव्वा वर्ष. पुढे राहूची अठरा, गुरूची सोळा. म्हणजे शनीची महादशा तिला पस्तिशीत. मुलाचा चंद्र विशाखेत, गुरूची दशा आठ-नऊ वर्षं शिल्लक, त्यानंतर लगेच शनीची एकोणीस वर्षं. युती सैल असलेल्या मुलालाच शनी शाळेच्या वयात भेटतो, आणि घट्ट युतीवाल्या मुलीला संसारात. अभ्यासाचा, जबाबदारीचा भार कोणाला कधी जाणवेल, हे इथून वाचायचं.

शांतीबद्दल थोडक्यात. श्रद्धेनं शनिवारी तेल वाहा, दान करा, मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा. पण जन्मवेळ न विचारता, नुसती रास ऐकून जो हजारांचा विधी सांगतो, त्याच्याकडून उठून यावं.

राहिलं मन. या युतीवर जुनी माणसं अबोलपणा, जबाबदारीची लवकर जाण, दुःख आत ठेवण्याची सवय वाचतात. तो स्वभाव झाला, आजार नव्हे. पोरगं दोन-दोन आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, खेळायला जात नसेल, किंवा 'मी नकोच' असं बोलत असेल, तर पत्रिका बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि 14416 या सरकारी टेलिमानस नंबरवर मराठीतही बोलता येतं.