सापळा नको, पण आपलं 'नाही' गिळूही नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

*"ताई, लेख वाचून राग आला, हे आधीच सांगतो. माझा मुलगा एकोणतीसचा आहे. मुलींनी मुद्दाम उशिरा यायचं, ठरलेलं आयत्या वेळी बदलायचं आणि तो चिडतो का ते बघायचं, हेच तुम्ही शिकवताय ना? हा सापळा झाला. त्यापेक्षा समोर बसून सरळ विचारा, 'राग आला की काय करतोस?' शिकलेली मुलं आहेत, खरं सांगतील. आणि एका संध्याकाळच्या वागण्यावरून माणूस कळतो म्हणणं म्हणजे पोपटाकडून चिठ्ठी काढण्यासारखंच आहे." – एका मुलाचा बाप, सुदामानगर, इंदूर*

दादा, मुद्दाम उशिरा जा असं माझ्या मनात नव्हतं. पण तुमची प्रतिक्रिया आल्यावर लेख पुन्हा वाचला, तर तसा अर्थ निघतो खरा. चूक माझी. लग्न ठरवताना समोरच्याचा राग विचारून कळत नाही, 'प्रसंगातून ओळखा' एवढं लिहून मी मोकळी झाले, प्रसंग आणायचा कुठून ते लिहिलंच नाही. ते आता लिहिते.

आधी सरळ विचारण्याबद्दल. आम्ही वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर बरीच वर्षं 'स्वभाव' असा रकाना ठेवला होता. मला आठवतं त्याप्रमाणे जवळजवळ सगळ्यांनी त्यात 'शांत, मनमिळाऊ' लिहिलं. एकाच मुलाने 'थोडा तापट' लिहिलं होतं आणि बिचाऱ्याच्या घरी फोन करायला कुणी तयार होईना. बाकीचे खोटं लिहीत होते असं मी म्हणत नाही. राग आला की आपण शांतपणे बोलून सोडवतो, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. पण विचारलं जातं तेव्हा समोर चहा-पोहे असतात, राग नसतो. राग आलेला नसताना माणूस आपल्या रागाबद्दल जे सांगतो, ते त्याला आपण कसे असावेसे वाटतो त्याचं वर्णन असतं.

यावर एक जुना प्रयोग आहे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन तिथे गावोगाव फिरला. चिनी माणसांबद्दल तेव्हा तिकडे उघड दुजाभाव होता. तरी अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याने त्याच मंडळींना पत्र लिहून विचारलं, 'तुम्ही चिनी गिऱ्हाइकाला घ्याल का?' ज्यांची उत्तरं आली त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'नाही' कळवलं. हे १९३४ साली छापून आलं. इथे माणसं कागदावर वाईट आणि दारात बरी निघाली. लग्नाच्या बाजारात बहुतेक वेळा उलट होतं. पण कागदावरचा माणूस आणि दारातला माणूस वेगळा, हे दोन्हीकडे सारखंच.

आता सापळ्याबद्दल. मुलगी मुद्दाम तासभर उशिरा आली आणि मुलगा चिडला, तर त्यातून काय कळलं? ताटकळलेला माणूस चिडतो, एवढंच. ते आपल्याला आधीच माहीत होतं. वर पहिल्याच भेटींमध्ये आपण खोटं वागलो, हे त्याला पुढे कधीतरी कळणारच. म्हणून बनवलेले प्रसंग मलाही नकोत. पण दादा, बनवायची गरज पडत नाही, कारण खरे प्रसंग होतच असतात आणि आपणच ते दाबून टाकतो. पहिल्या चार भेटींमध्ये मुलगाही 'चालेल' म्हणतो आणि मुलगीही 'चालेल' म्हणते. तिला तिखट चालत नाही, तरी ती उसळ खाते. त्याला सिनेमा आवडत नाही, तरी तो तीन तास बसतो. मतभेद होऊच दिला नाही, तर समोरचा तो कसा हाताळतो हे दिसणार कुठून? माझं सांगणं एवढंच आहे की मनातलं खरं, छोटं 'नाही' गिळू नका. ते नीट, सौजन्याने बोला आणि मग पुढचे आठ दिवस काय होतं ते बघा.

माझ्या भाचीचं उदाहरण देते. तिला विचारून लिहिते आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे, सकाळी सातची ड्यूटी असते. जानेवारीतली गोष्ट. एका मुलाशी तिसरी भेट ठरत होती. तो म्हणाला, रात्री साडेनऊला सराफ्यात गराडू खायला जाऊ. सराफ्यातला खाऊचा बाजार सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावरच जागा होणार, म्हणजे घरी परतायला बारा. याआधी ती 'चालेल' म्हणाली असती. या वेळी तिने लिहिलं, 'सकाळी ड्यूटी आहे, मला उशीर होईल. सातला छप्पन दुकानला भेटू या का?' त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे. तुझी मर्जी.'

तो वेळेवर आला, आवाज चढवला नाही, पैसेही त्यानेच दिले. गराडू समोर आल्यावर म्हणाला, 'सराफ्यातला खाल्ला असतास तर कळलं असतं.' इंदूरचा माणूस हे एकदा म्हणणारच, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. पण तो हे तीनदा म्हणाला. नंतरचे दोन दिवस तिच्या मेसेजना 'हो', 'बरं', 'बघू' एवढीच उत्तरं आली. काही झालं का, असं तिने विचारलं तर म्हणाला, 'छे, काही नाही.' आठवड्याने त्याची बहीण भेटायला आली होती, तेव्हा हसत हसत सांगत होता, 'हिला नऊला झोप येते, आता घरात सगळ्यांनी सातला जेवायचं.' सगळे हसले, भाचीही हसली. माझ्या बहिणीने तर त्याच्यावर शिक्काच मारला होता, 'किती शांत मुलगा आहे गं, एक शब्द वर गेला नाही.'

शब्द वर गेला नाही हे खरं. राग मात्र आला होता. तो आधी टोमण्यात गेला, मग अबोल्यात, मग 'काही नाही' मध्ये लपला आणि शेवटी चारचौघांत तिची थट्टा होऊन बाहेर आला.

दुसऱ्या मुलाचा प्रसंग काही महिन्यांनी घडला. राजवाड्याजवळ त्याने स्कूटर जिथे लावली तिथून गाड्या उचलून नेतात, हे भाचीने त्याला सांगितलं होतं. 'दहा मिनिटांत तर येतोय' म्हणून तो गेला आणि परत येतात तो स्कूटर गायब. मुलगा तिच्यावरच ओरडला, 'मग जरा ठासून सांगायचं ना!' रस्त्यात, मोठ्याने. ती म्हणाली, 'मी सांगितलं होतं.' तो गप्प झाला आणि म्हणाला, 'मला आत्ता बोलायला नको. गाडी सोडवून आणतो, मग बोलू.' तिला रसाच्या दुकानात बसवून तो गेला. पाऊण तासाने पावती घेऊन आला आणि बसायच्या आधी म्हणाला, 'तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही आणि वर तुझ्यावरच ओरडलो.' पुढच्या भेटीत त्याच्या आईसमोर हा किस्सा निघाला. तेव्हा किश्शातला वेडा तो स्वतः होता.

बहिणीने यालाही शिक्का मारला, तापट.

मला विचाराल तर दुसऱ्याचा राग बघायला वाईट होता, पण सोबत राहायला सोपा होता. आवाज किती चढला यावर आपण फार जातो. त्यापेक्षा तीन गोष्टी जास्त सांगून जातात. दोष कुठे गेला, गाडीच्या जागेवर की माणसाच्या स्वभावावर? तुटलेलं बोलणं पुन्हा कुणी जोडलं? आणि आठवड्याने तोच किस्सा सांगताना हसं कुणाचं झालं? ही तिसरी गोष्ट तर कुणाला पाठ करून येताच येत नाही.

सिएटलमध्ये जॉन गॉटमन यांनी नवराबायकोच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तुम्ही कसे भांडता, असं विचारून ते थांबले नाहीत. दोघांना त्यांच्यातल्याच एका खऱ्या, न सुटलेल्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला लावून त्याचं चित्रीकरण केलं. १९९९ मध्ये त्यांनी आणि सिबिल कॅरेअर यांनी १२४ नवविवाहित जोडप्यांबद्दल लिहिलं. पुढच्या सहा वर्षांत कोणाचं मोडलं आणि कोणाचं टिकलं, यातला फरक पहिल्या तीन मिनिटांच्या सुरुवातीतच दिसत होता, असं त्यांना आढळलं. ती जोडपी लग्न झालेली होती आणि आपल्या दोन-चार भेटींना ते गणित जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी आपल्याला वापरता येतात. समोरच्याला कमी लेखणं, म्हणजे हेटाळणी, डोळे फिरवणं, नक्कल करणं, हे त्यांना साध्या रागापेक्षा कितीतरी घातक वाटलं. आणि डोकं तापलं की छाती धडधडते, तेव्हा ऐकलेलं आत शिरत नाही. निवायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून 'मग बोलू' म्हणून उठून जाणं आणि अबोला धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात माणूस परत येऊन विषय स्वतः काढतो. दुसऱ्यात समोरच्याने विचारत बसायचं असतं.

एका संध्याकाळीबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. त्या दिवशी पोटात काही नसेल, साहेबाने झापलं असेल. मी मुलींना सांगते, निदान तीन प्रसंग होऊ द्या आणि तेही वेगवेगळे: एक तुम्ही नाही म्हटल्याचा, एक चूक त्याची असल्याचा, एक दोघंही दमलेले असल्याचा. तिन्हीत एकच चाल दिसली तर ती चाल समजा. फक्त काही गोष्टी एकदाच पुरे होतात. रागात हात धरून ओढणं, फोन हिसकावणं, वस्तू फेकणं, मागे कुणी बसलेलं असताना रागाने गाडी सुसाट सोडणं. तिथे दुसऱ्या प्रसंगाची वाट बघू नये.

आणि एक कबुली. काही माणसं साखरपुडा होईपर्यंत स्वतःला आवरून धरू शकतात. त्यांना छप्पनवरचा गराडू उघडं पाडत नाही. म्हणून साखरपुडा आणि लग्न यांत दोन-चार महिने असू द्या, असं मी सांगते. पाहुणे किती, हॉल कुठला, पंगत की बुफे, यावर खरे मतभेद होतातच. तेव्हा दोन्ही घरं 'आता काय बोलायचं' म्हणून गप्प बसतात. मला तर वाटतं, बघण्यासारखं सगळ्यात जास्त तेव्हाच असतं.

भाचीचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, तेवढी परवानगी तिने दिलेली नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. हे सगळं त्यालाही मुलींना बघताना तितकंच लागू आहे. सापळा लावला असं वाटावं, असा काहीतरी प्रसंग तुमच्याकडे घडला असणार, नाहीतर तुम्ही इतकं तळमळून लिहिलं नसतं. ती मुलगी खरंच मुद्दाम उशिरा आली असेल तर चूक तिची. पण दादा, त्या रात्री घरी आल्यावर मुलाने तुम्हाला तो किस्सा कसा सांगितला, ते जरा आठवून कळवाल का?