उतारा ओलांडला

लहानपणी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर लिंबू, हळदकुंकू आणि भाताचा मुटका पडलेला दिसला, की आई हात घट्ट धरायची. "उतारा आहे, ओलांडू नको. जो ओलांडतो त्याला लागतो."

ओलांडला नाही. मोठा होऊन तलाठी झालो, तेव्हा मात्र रोज शंभर उतारे हाताखालून गेले आणि एकही लागला नाही. निवृत्त होऊन गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि आता लागायला लागलेत. ते मोबाइलवर पडतात. परवा पहाटे सव्वासहाला निफाडच्या मेव्हण्याचा पडला. फोटो आडवा, डावीकडे त्याचा अंगठा, मधोमध घडी, आणि घडीवर हळदीचा डाग. प्रश्न नाही. खाली नुसते जोडलेले हात.

सातबारा प्रश्नाशिवाय पाठवणं म्हणजे डॉक्टरपुढे नुसतं पोट उघडं करून बसणं. कुठं दुखतंय ते सांगायचं नाही, साहेबांनी ओळखायचं. मी विचारलं, "काय बघायचंय?" उत्तर आलं, "बघा की दाजी, तुम्हाला कळतंय."

माणसाला एवढं म्हटलं की तो संपला. चष्मा लावला, एका बोटानं टाइप करायला बसलो. वर गाव, तालुका, गट नंबर. ते त्याला ठाऊक, सोडलं. भूधारणा पद्धती, भोगवटादार वर्ग 1. लिहिलं, "तुमची जमीन विकायला कलेक्टरची परवानगी लागत नाही. वर्ग 2 असती तर लागली असती." त्याचा अंगठा आला. नोकरीभर शाईचे निळे अंगठे घेतले, आता पिवळे घेतोय.

मग क्षेत्र. घडी नेमकी आकड्यावरून गेली होती, म्हणून फोन करून विचारावं लागलं. एक हेक्टर बासष्ट आर. आर म्हणजे जवळजवळ गुंठाच, किंचित कमी. तेव्हा 162 आर म्हणजे 160 गुंठे, चार एकर. त्यातले आठ आर पोटखराबा, वर्ग अ. इथं सौ. मागून डोकावल्या. "कुणाचं पोट खराब झालं?" म्हटलं, जमिनीचं. खडक, खळं, शेतातलं घर, जिथं पीक येत नाही ती जागा वर्ग अ. रस्ता किंवा नाला गेला असेल, म्हणजे लोकांच्या वापरातली जागा, ती वर्ग ब. "आणि हा आकार रुपयांत कसा?" तो आकार म्हणजे सारा, सरकारनं जमिनीवर बसवलेला. मेव्हण्याच्या चार एकरांचा आकार सहा रुपये आणि काही पैसे. सौ. म्हणाल्या, "म्हणजे कोथिंबिरीची जुडीसुद्धा महाग." आणि भाजीला गेल्या.

माझी खात्री होती की दुखणं 'इतर अधिकार' या रकान्यात आहे. तिथं सोसायटीचा बोजा दिसत होता, ऐंशी हजार. मेव्हण्यानं कर्ज केव्हाच फेडलंय, त्याचे पेढे मी खाल्लेत. सापडलं म्हणून हुरूप आला. बोजा चढवायला जसा फेरफार लागतो तसा उतरवायलाही लागतो. पैसे भरले म्हणून सातबाऱ्याला आपोआप कळत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला घ्यायचा, अर्जासोबत तलाठ्याकडे द्यायचा, फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि तेव्हा कुठं बोजा जातो. एवढं सगळं लिहिलं. अर्धा तास गेला, चहा गार झाला.

अंगठा.

दुपारी बाराव्या नमुन्यालाही हात घातला. हंगाम रब्बी, आणि पीक 'पड'. म्हणजे कागदावर वावर ओसाड, आणि गेल्याच महिन्यात ह्यांनी मला त्याच वावरातला पोतंभर कांदा दिलेला. 2021 पासून शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी लावायची असते. ह्यांनी लावली नाही, उद्या नुकसानभरपाईच्या वेळी कागद कांद्याला ओळखणार नाही. हेही लिहिलं. पुन्हा अंगठा.

संध्याकाळी मात्र मी चिडलो आणि सरळ फोन लावला. म्हटलं, आता गोडीनं सांगा, ह्यातलं नेमकं काय हवंय? पलीकडे बराच वेळ खाकरणं चाललं. मग आवाज खाली गेला, बहुतेक गोठ्यात जाऊन बोलत असावेत.

"दाजी, ते रस्त्याकडचं वावर माझ्या नावावर आहे ना? तिकडं एक गाळा टाकायचा विचार आहे."

तर हे होतं. ते चौकात कसं विचारणार? चार एकर माझ्या चुलत सासऱ्यांची. त्यांच्यामागे तीन नावं लागली: मोठे भाऊ, हे, आणि सटाण्याला दिलेली आक्का. कसायला वीस वर्षं ठरलेलं आहे की रस्त्याकडचं ह्यांनी, ओढ्याकडचं भावानं. बांधही घातलाय. बांधावर शेवगाही लावलाय.

म्हटलं, फोटो उघडा आणि बोट ठेवा. तिन्ही नावांपुढं खाते नंबर बघा. एकच आहे ना? नावांपुढच्या क्षेत्राच्या घरात काय दिसतं? "काही नाही." आता नावांच्या खाली वाचा. त्यांनी अक्षर लावत वाचलं, "सामाईक क्षेत्र." आणि त्याच्यासमोर सगळे 162 आर एकत्र. दाजी काय सांगतो, हे त्या दोन शब्दांत आहे. तिघांचा मिळून 162, वाटा सारखा धरला तर चोपन्न-चोपन्न आर. पण ते चोपन्न कुठले, रस्त्याकडचे की ओढ्याकडचे, ह्याबद्दल हा कागद एक अक्षर बोलत नाही. रस्त्यालगतच्या प्रत्येक ढेकळात तिघांचाही वाटा आहे. तुमचा शेवगा हा पुरावा नाही.

"मग कुठं दिसेल?"

आत्ता कुठंच नाही. गटाचा नकाशा काढला तर गटाची बाहेरची हद्द दिसेल, तुमचा बांध नाही. तिघांनी मिळून वाटप करायचं. एकमत असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 चा अर्ज, किंवा नोंदणी केलेलं वाटणीपत्र. मग भूमी अभिलेखवाल्यांची पोटहिस्सा मोजणी, आणि तेव्हा प्रत्येकाचा वेगळा सातबारा आणि नकाशावर वेगळी रेघ. एकजण जरी नाही म्हणाला तर दिवाणी कोर्ट. गाळा त्यानंतर.

"आक्कानं तर तेव्हाच सांगितलं होतं, मला काही नको म्हणून."

"कुठं सांगितलं होतं?"

"दिवाळीत. जेवताना."

"हक्कसोडपत्र नोंदवलं होतं?"

"पुरणपोळी वाढत होती हो ती."

मी नोकरीत चौतीस वर्षं काढली, पण नमुना एक ते एकवीस या गावनमुन्यांत पुरणपोळीचा रकाना कुठं पाहिला नाही. तसं सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हे आपल्यातच ठेवा." मी ठेवलंही असतं. पण सकाळी घाईत त्यांनी फोटो टाकला होता तो माझ्या नंबरवर नव्हे, 'माहेर परिवार' नावाच्या ग्रुपवर. माझी वर्ग 1 पासून बेबाकी दाखल्यापर्यंतची सगळी उत्तरंही तिथंच पडली होती, आणि बेचाळीस जणांनी वाचली होती. मधले काही अंगठेही मेव्हण्याचे नव्हते.

रात्री साडेनऊला ग्रुपवर आक्काचा निरोप आला. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी नीट प्रश्न विचारला होता, खाली प्रश्नचिन्हासकट: "दाजी, माझ्या चोपन्न आरमध्ये विहीर येते का?"