आठ गुणांचे मनोगत

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत शेवटी आठ गुणांचे लेखन असते, आणि त्यात खरे लिहिणाऱ्या मुलाला किती गुण द्यावेत यावर आम्हा मराठीच्या शिक्षकांचे कधी एकमत होत नाही. माझे मत मी एका कथेतून मांडतो. तिच्यातली माणसे कल्पित आहेत, पण तिच्यातला व्यवहार आपल्या खानदेशातला आहे.

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत बसल्या आहेत. जानेवारीची थंडी आहे, घरचे सगळे झोपले आहेत. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हे आत्मकथन बहुतेकांनी निवडले आहे आणि बहुतेकांचा शेतकरी ‘मी जगाचा पोशिंदा’ असे म्हणत बोलू लागतो. अशा लेखनाला सहा गुण देत देत बाई पुढे सरकतात आणि एका उत्तरपत्रिकेवर थांबतात.

या शेतकऱ्याची जमीन स्वतःची नाही. तो निमबटाईने शेती करतो, सातबारा दुसऱ्याच्या नावावर असल्याने सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर त्याला कापूस घालता येत नाही, म्हणून दारात येणाऱ्या व्यापाऱ्यालाच द्यावा लागतो. तो व्यापारी काट्यात मारतो, हे त्याला ठाऊक आहे. पुढचे वाक्य मुलाने सरळ अहिराणीत लिहिले आहे : ‘तो मापमा मारस, मी पानीमा मारस.’ म्हणजे व्यापारी सकाळी येणार असेल, तर आदल्या रात्री कापसावर पाणी शिंपडायचे. दोन दिवस आधी शिंपडले, तर ढीग आतून तापतो, कापूस पिवळा पडतो आणि मग भावच पडतो.

बाईंच्या मनात पहिली शंका येते की, हे मुलाने रचून लिहिले असेल का? ती या शेवटच्या तपशिलाने फिटते. पाणी मारून वजन वाढवतात, एवढे गावात कोणीही सांगेल. ते कधी मारू नये, हे मात्र ढिगाजवळ उभे राहिलेल्यालाच कळते, आणि कोणत्याही गाईडमध्ये ते छापलेले नसते.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. आत्मकथनात बोलणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असावा लागतो. इथे तिसऱ्या परिच्छेदात मुलगा लिहितो, ‘त्या रात्री बाबांनी मला बॅटरी धरायला सांगितली.’ शेतकरी गेला आणि मुलगा बोलू लागला. लेखन सर्वांत खरे होते तिथेच त्याचा साचा मोडतो. बाई आशयाचे गुण पूर्ण देतात, अहिराणी वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडचे म्हणून तसेच ठेवतात, बोलणारा बदलल्याचा एक गुण कापतात, शुद्धलेखनाचा अर्धा कापतात आणि साडेसहा लिहितात.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे कठोर वाटते. अशा लेखनाला आठपैकी आठ द्यावेत, असे ते म्हणतात. त्यांचा जिव्हाळा मला समजतो, पण मी बाईंच्या बाजूचा आहे. गुण कबुलीला दिले, तर पुढच्या वर्षी कबुलीचाच साचा तयार होईल आणि प्रत्येक मनोगतातला शेतकरी कापसावर पाणी मारू लागेल. गुण निरीक्षणाला द्यायचे, आणि निरीक्षण या मुलाने भरभरून दिले आहे. माझी तक्रार त्या पोशिंद्यांना सहज मिळणाऱ्या सहा गुणांबद्दल आहे. तिथे चार पुरेसे होते. या मुलाचे साडेसहा मग आपोआप उठून दिसले असते.

गुण लिहून झाल्यावरही बाईंचे काम संपत नाही, आणि आपण शिक्षक नेमके इथेच चुकतो. चांगला निबंध वर्गात वाचून दाखवण्याची आपल्याला सवय असते. हा वाचला, तर दुपारपर्यंत गावाला कळेल की कोणाचा बाप पाणी मारतो, आणि तोच व्यापारी त्याच गल्लीत पुन्हा यायचा असतो. शिवाय पूर्वपरीक्षेचा पेपर पालकांच्या सहीसाठी घरी जातो. ‘प्रामाणिकपणाबद्दल शाबास’ असा शेरा लाल शाईत दिसला, तर बाप ते वाक्य शोधून वाचेल, आणि त्याची किंमत मुलगा मोजेल. म्हणून बाई समासात एवढेच लिहितात : ‘बोलणारा बदलू देऊ नये. बारकावे उत्तम.’

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बाजूला घेऊन एकच दुरुस्ती सांगतात. ‘बाबांनी मला बॅटरी धरायला सांगितली’ याऐवजी ‘मी पोराला बॅटरी धरायला सांगितली’ असे लिही, बाकी काही बदलू नकोस. बोर्डाच्या परीक्षेत पेपर तपासणारा परका असतो. त्याला ना हे गाव माहीत असते, ना हा बाप, त्यामुळे तिथे मुलाने हेच पुन्हा लिहायला कसलीच हरकत नाही.