एक वर्षाच्या डीएमएलटीचा, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा मेसेज अक्काच्या मोबाईलवर आला, त्याला उत्तर

"बारावी पास मुलामुलींनो, फक्त 1 वर्षात डीएमएलटी! आयएसओ 9001 प्रमाणित, एमएसएमई व नीती आयोग नोंदणीकृत, भारत सरकार मान्य. घरबसल्या अभ्यास, फक्त रविवारी क्लास. कोर्सनंतर स्वतःची लॅब काढा. डिप्लोमाला यूजीसी लागत नाही. फी 45 हजार, आज बुकिंग 5 हजार."

हा मेसेज सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय, ते मी सोडून दिलं असतं, पण परवा माझ्या अक्काचा फोन आला की मामा म्हणून तू एकदा बघ, पोरीसाठी 5 हजार भरायलेत आम्ही. अक्का विड्या वळते. 45 हजार म्हणजे तिच्यासाठी काय असतंय ते मला माहितीय, आणि मी स्वतः सोळा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करतोय, म्हणून बसून लिहितोय.

आधी ते एक वर्ष. 2021 साली संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात मेडिकल लॅबचं काम परिशिष्टात स्पष्ट आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत डिप्लोमा किंवा डिग्री किमान 2000 तासांची, आणि तेही दोन ते चार वर्षांत, सेमिस्टर पाडून शिकवलेली पाहिजे. आता हिशोब करा. रविवारी चार तास क्लास धरला तरी वर्षाचे 52 रविवार, म्हणजे 208 तास. सणवार, पाऊस, सर आले नाहीत, काहीच वजा केलं नाही तरी दहा टक्क्यांच्या आसपास. बरं, रविवार सोडा, रोज तीन तास आठवड्याला सहा दिवस धरलं तरी 936 होतात. म्हणजे 2000 तासांच्या निम्मेसुद्धा भरत नाहीत, आणि वर्ष तर एकच. मेसेजमधली बाकी सगळी वाक्यं खरी निघाली तरी या एका आकड्यावर कोर्स पडतो. घरबसल्याचंही तेच, 2025 पासून यूजीसीनं या कायद्याखालचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला बंदी घातलीय.

तास कशाला लागतात असं भाच्चीनं विचारलं, तेव्हा तिला मी ट्यूबचं सांगितलं. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीसाठी. साधारण पोटॅशियमचं ईडीटीए असतंय ते. शिकाऊ माणसाला कधी दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडतं, मग तो जांभळीतलं थोडं तिकडं ओततो, त्याला वाटतं रक्त ते रक्त. मशीनवर त्या पेशंटचं पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि कॅल्शियम खोटं कमी येतं, कारण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. पोटॅशियम जास्त दिसलं की डॉक्टरला हृदयाची काळजी वाटते, धावपळ सुरू होते, आणि पेशंटला मुळात काहीच झालेलं नसतं. हे उलटंही होतं, खरंच कमी असलेलं पोटॅशियम त्या भेसळीनं नॉर्मल दिसतं आणि कुणाचंच लक्ष जात नाही. दोन्ही आकडे असे विचित्र एकत्र आले की ट्यूबचाच संशय घ्यायचा हे टेबलाशी उभं राहून, वरच्या माणसाच्या शिव्या खाऊनच कळतं. पीडीएफ वाचून हे येत नाही.

स्वतःच्या लॅबचं तर सगळ्यात वाईट. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची पाहिजे. नुसता डिप्लोमावाला टेक्निशियन, अगदी खऱ्या कॉलेजचा, माझ्यासारखा सोळा वर्षांचा जुना असला तरी, स्वतःच्या सहीनं रिपोर्ट देऊ शकत नाही. पोरीनं कर्ज काढून गाळा घेतला, मशीन आणलं, आणि मग कारवाई झाली तर तिथं हा कोर्सवाला येणार आहे का?

आता शिक्क्यांचं पटकन सांगतो. आयएसओ ही संस्था मानकं लिहिते, सर्टिफिकेट स्वतः कुणालाच देत नाही, ते वेगळ्या कंपन्या देतात. आणि 9001 म्हणजे ऑफिसचं कामकाज ठरवलेल्या पद्धतीनं चालतं का एवढंच, चादरीच्या कारखान्यालाही मिळतं, त्यावरून डिप्लोमा चालेल की नाही हे ठरत नाही. एमएसएमईची उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार नंबर टाकून आपणच आपली माहिती सांगायची, कागद अपलोड करावे लागत नाहीत, शेंगाचटणी विकणारी बाईसुद्धा करते आणि तिनं करावीच. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेला एक ओळख क्रमांक मिळतो, बस. या तिन्हीपैकी कुणीही त्यांचा अभ्यासक्रम उघडून बघितलेला नसतो. नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त हे दोन वेगळे शब्द आहेत ओ, आणि ही मंडळी मुद्दाम पहिला दाखवून दुसरा बोलतात.

यूजीसीच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. डिग्री कोण देऊ शकतं हे 1956 च्या यूजीसी कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे, डिप्लोमा त्यात येत नाही. टॅली, शिवणकाम, ब्यूटी पार्लर असले खाजगी क्लास कुणाच्या मान्यतेशिवाय सर्टिफिकेट देतात आणि त्यात बेकायदेशीर काही नाही, शिकवणं चांगलं असेल तर पैसे वसूलही होतात. पण जिथं काम करायला कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं, नर्सिंग, फार्मसी, लॅब, तिथं यूजीसी लागत नाही म्हणजे कुणीच लागत नाही असा अर्थ होत नाही.

अक्काला घेऊन मी त्या सेंटरवर गेलो होतो. बोर्डावर मोठं नाव, त्यात कौन्सिल हा शब्द. मी विचारलं, ही कौन्सिल कुठल्या कायद्यानं झालीय? म्हणाले, ट्रस्ट आहे. मार्कशीटवर कुठलं विद्यापीठ किंवा बोर्ड? म्हणाले, आमचंच, स्वायत्त आहे. सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आहे म्हणून दाखवला, स्कॅन केला तर त्यांचीच वेबसाइट उघडली, म्हणजे ज्यानं कागद दिला तोच सांगतोय की कागद खरा आहे. शेवटी पावतीचा नमुना मागितला. त्यावर कोर्स फी कुठंच नव्हतं, "सभासद वर्गणी" लिहिलं होतं. आणि फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात, नोकरी व नोंदणीची जबाबदारी संस्थेची नाही. अक्कानं ते वाचलं आणि पर्स बंद केली.

खऱ्या कॉलेजचं नाव त्याच्या स्वतःच्या ब्रोशरमध्ये नाही, वरच्या संस्थेच्या यादीत सापडतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा पॅरामेडिकल कोर्स म्हणत असतील तर muhs.ac.in वर संलग्न कॉलेजांत शोधा, पत्ता पण जुळवा, कारण नाव दुसऱ्याचं वापरणारेही असतात. विद्यापीठच संशयास्पद वाटलं तर ugc.gov.in वर बोगस विद्यापीठांची यादी आहे, त्यात आपल्या नागपूरचंही एक आहे. यादीत नाव नाही म्हणजे खरं आहे असं मात्र समजू नका, तिथं फक्त सापडलेली असतात, आणि अशा ट्रस्टवाल्या कौन्सिल तर विद्यापीठ म्हणवतच नाहीत.

भाच्चीनं त्या माणसाला व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवलं: "कोर्स किती तासांचा, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि पास झाल्यावर कौन्सिलकडं नोंदणी होते याचं पत्र, तिन्ही लेटरहेडवर द्या, मग बुकिंग करतो." तीन दिवस झाले. पत्र आलेलं नाही, फी 45 वरून 30 हजारावर आलीय.