उतरलेले २ टक्के प्लॅनचेच कशावरून?

बॉडी फॅट मोजून ते कमी करायचा प्लॅन देणाऱ्या एका कॅम्पचा दावा असा: "पहिल्या मोजणीत ३२ टक्क्यांच्या वर असलेल्यांचं बॉडी फॅट महिन्यात सरासरी २ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे प्लॅन लागू पडला."

हे मला अजिबात पटलं नाही, कारण निवडच एका जास्त आलेल्या रीडिंगवर झालीय. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात असाच कॅम्प झाला होता, पायाखाली पट्ट्या असलेलं मशीन, अनवाणी उभं राहायचं. ते मशीन चरबी थेट मोजतच नाही, अंगातून बारीकसा करंट सोडून अडथळा बघतं आणि त्यावरून अंदाज काढतं, त्यामुळे लोकलच्या गर्दीतून पाणी न पिता आलेल्या माणसाचा अडथळा वाढतो आणि फॅट जास्त दिसतं. समजा एखाद्याचं नेहमीचं रीडिंग ३० च्या आसपास आहे, त्या दिवशी ३३ आलं, तो लगेच प्लॅनमध्ये. महिन्याने परत ३०! काहीच केलं नसतं तरी बहुतेक तेवढंच आलं असतं. आणि ज्याचं नेहमीचं ३० पण त्या दिवशी २७ आलं त्याला परत कोणी बोलावतच नाही, बोलावलं असतं तर त्याचं "वाढलेलं" दिसलं असतं.

प्लॅनने काहीच झालं नाही असं नाही म्हणत मी, पण निवड झाल्यावर, प्लॅन सुरू करायच्या आधी, सकाळी उपाशीपोटी परत मोजा आणि सुरुवातीचा आकडा तोच धरा. शिवाय ३२ च्या वरच्याच काही जणांना चिठ्ठ्या टाकून महिनाभर प्लॅनशिवाय ठेवा, त्यांचंही दीड टक्का उतरलं तर प्लॅनच्या वाट्याला उरतो फक्त अर्धा टक्का.