घरातलं काहीही लक्षात न ठेवता सुखाने संसार करण्याचे खात्रीशीर उपाय

नवरेमंडळींनो, डोकं ही जपून वापरायची वस्तू आहे. लग्न झालं की त्यात काहीबाही साठायला लागतं. दूधवाल्याचे खाडे, मुलीची बूस्टर लस, आईच्या चष्म्याचा नंबर, वॉचमनची दिवाळी, कुणाच्या मुंजीला किती आहेर आला होता. वेळीच काळजी घेतली नाही तर चाळिशीत डोकं पार भरून जातं आणि मग क्रिकेटला जागा उरत नाही. माझ्या घरात डोकं लख्ख मोकळं ठेवणारे एक सिद्धहस्त कलावंत आहेत. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पाहून जे शिकले, ते तुमच्या भल्यासाठी लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा : "अगं, मग मला सांगायचं ना!" सूर महत्त्वाचा. चिडून म्हणायचं नाही. थोडं आश्चर्य, थोडं दुखावलेपण, जणू तुम्ही बाह्या सरसावून कधीचे उभे होतात आणि तुम्हाला कुणी बोलावलंच नाही. या एका वाक्याने काम राहिल्याचा दोष अलगद सांगणारीवर जातो. काम करणं हे तिचं, काम आहे हे कळणं तिचं, ते तुम्हाला कळवणंही तिचं. तुमच्याकडे उरतो तो फक्त चांगुलपणा.

फ्रीज उघडून, त्याच्या आत बघत बघत विचारा, "लोणी कुठाय?"

कोणत्याही कामाला नाही म्हणू नका. नाही म्हटलं तर ती दुसरी सोय करेल आणि विषय संपेल. "करतो" म्हणा. कधी, ते सांगू नका. आता तिला दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत : ते काम, आणि तुम्ही ते करतो म्हणाला होतात हे. दोन दिवसांनी तिने आठवण केली की "करतो म्हटलं ना" म्हणा. तिसऱ्यांदा केली की तिला कटकटी म्हणा. शेवटी ती स्वतःच करून टाकेल. तेव्हा "करणारच होतो" म्हणायला विसरू नका.

यापुढचा उपाय जरा प्रगत आहे. घरातली सगळी कनेक्शनं तुमच्या नावावर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर असू द्या. वीज, इंटरनेट आणि मुख्य म्हणजे गॅस.

गॅसचा बाटला संपतो तो एका दिवसात, असं तुम्हाला वाटतं. तो संपत आलाय हे कुणाला तरी आधी कळलेलं असतं. आमच्याकडे नवा बाटला लावला की मी कालनिर्णयवर त्या तारखेला बारीक 'गॅस' लिहिते. मग त्यावरून अंदाज धरायचा. पाहुणे येऊन गेले असतील, दिवाळीचं तळण झालं असेल, तर चार-सहा दिवस वजा करायचे. अधूनमधून बाटला जरा तिरका करून हाताला वजन बघायचं. दुसरा भरलेला घरात असला तरी तो लावल्या क्षणी पुढचा सांगायचा असतो, नाहीतर दोन्ही रिकामे झाल्यावर धावपळ. बुकिंगचं एक बटण दाबलं की झालं, हे खरं. पण मग बाटला कोणत्या दिवशी येईल ते बघायचं, त्या दिवशी घरी कुणी असेल अशी तजवीज करायची, सुटे पैसे काढून ठेवायचे, रिकामा बाटला दाराशी आणून ठेवायचा. आला की सील बघायचं, काट्यावर वजन करून दाखव म्हणायचं, आतलं वॉशर आहे ना ते बघायचं. त्याशिवाय तो कोड. नोंदवलेल्या मोबाइलवर एक कोड येतो, तो गॅसवाल्याला सांगितल्याशिवाय बाटला मिळत नाही. व्यवस्था चांगलीच आहे, बाटले परस्पर दुसरीकडे जात नाहीत. फक्त आमच्या घरी तो कोड ज्या मोबाइलवर येतो, तो मोबाइल मीटिंगमध्ये असतो.

तर गेल्या आठवड्यात एक बाटला रिकामा, दुसरा शेवटच्या घटका मोजत होता. मी ऑफिसात सांगून घरून काम करायचा दिवस बदलून घेतला. सकाळी यांना डबा देताना म्हटलं, आज कोड येईल, आला की मला पाठव. व्हॉट्सअॅपवरही लिहिलं. निळ्या खुणा आल्या. दुपारी गॅसवाला चौथ्या मजल्यावर बाटला घेऊन आला, लिफ्ट बंद. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कापला, आणि तो तयार मेसेज आला, मी नंतर फोन करतो. गॅसवाला म्हणाला, "मॅडम, कोडशिवाय देता येत नाही ओ, माझ्याच अंगावर येतं." त्याचं काय चुकलं? पाच मिनिटं थांबला बिचारा, मी पाणी दिलं, आणि तो भरलेला बाटला पुन्हा खांद्यावर घेऊन चार मजले उतरला.

संध्याकाळी आमटीला उकळी यायच्या आत गॅस गेला.

हे घरी आले. काय म्हणाले असतील? बरोबर. "अगं, पण कोड एवढा अर्जंट आहे हे मला सांगायचं ना!" आणि मग, मोठ्या मनाने, "जाऊ दे, आज तू काही करू नकोस, मी बाहेरून मागवतो." जेवण आलं. सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या, किती गं समजूतदार आहे माझा मुलगा, हिला आज स्वयंपाकच करू दिला नाही.

मी पनीर चावत होते म्हणून बोलले नाही.

असो. उपायांकडे वळू. महत्त्वाच्या निर्णयांत मात्र जरूर भाग घ्या. अॅलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली एक अभ्यास छापला. घरातल्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार टप्पे केले : काय लागणार आहे ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि मग ते नीट पार पडतंय ना यावर नजर ठेवणं. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बायकांच्याच गळ्यात होता, ठरवताना मात्र नवरे बऱ्यापैकी हजर. हे वाचून मला बोस्टन आणि डोंबिवली यांतलं अंतर एकदम कमी वाटलं. मुलीची शाळा बघा ना. चार शाळा हिने पाहिल्या, फीचे आकडे हिने आणले, बस कुठून वळते ते हिने विचारलं, आधीच्या मुलांच्या आयांना हिने गाठलं. रविवारी चहानंतर तीन नावं तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही एकावर बोट ठेवून म्हणालात, "ही बरी वाटते." आता पुढची दहा वर्षं सांगा, शाळा आम्ही दोघांनी मिळून निवडली.

किराणा आणायला जा, पण यादी तिच्याकडून घ्या.

तिने दमले म्हटलं तर विचारा, "आज एवढं काय केलंस?" हा प्रश्न वाटतो तितका मूर्ख नाही. सरकारही तोच विचारतं. वेळ कशात जातो याची देशव्यापी पाहणी होते, त्यात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत भरून घेतात. २०२४ च्या पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. आता यात माझा खण बघा. सात ते साडेसात, पोळ्या केल्या. एवढंच लिहिलं जाणार. त्या पोळ्या लाटताना उद्या चित्रकलेचा तास आहे आणि घरात कागद नाही, आईंची बीपीची गोळी शनिवारपर्यंतच पुरेल, कामवाल्या मावशी सोमवारी गावाला जाणार, वाढदिवसाचा फोन राहिला, असं जे डोक्यात चालू असतं ते कोणत्या खणात भरायचं? म्हणजे ते २८९ सुद्धा हातांचेच. आणि रात्री अडीचला जाग आल्यावर मी कणीक संपलीये का हे आठवत पडलेली असते, तेव्हा त्या खणात 'झोप' लिहितील.

शेवटचा उपाय स्तुतीचा. "तुला बाई कसं सगळं लक्षात राहतं! माझ्या तर काही लक्षातच राहत नाही." असं म्हटलं की बायको खूश होते म्हणे.

नाही होत. अजिबात होत नाही. आणि लक्षात राहत नाही हे तर धडधडीत खोटं आहे. २०११ ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला तेव्हा बोलिंगला कोण होता? कुलसेकरा. बघा, माझ्याआधी तुम्हीच म्हणालात. गाडीचं सर्व्हिसिंग कधी, एसआयपीचा हप्ता कोणत्या तारखेला जातो, ऑफिसातल्या कुठल्या साहेबाला कोणती मेल कधी टाकायची, सगळं तोंडपाठ. मग मुलगी कोणत्या तुकडीत आहे विचारलं की "ब... ना?" का होतं? स्मरणशक्ती उत्तम आहे तुमची. घरातलं आपल्या डोक्यात ठेवायची गरज नाही हे तुम्ही ठरवून टाकलंय, कारण दुसरं कुणीतरी ठेवतंय. ते दुसरं कुणीतरी पण नोकरी करतं, बरं का. तिलाही मीटिंगा असतात. तिला मात्र मीटिंगमध्ये गॅसवाल्याचा फोन घ्यावा लागतो.

आणि आता कृपा करून "मग काय करू ते सांग" असं विचारू नका. ते सांगत बसणं हेच तर काम आहे, त्यालाच मी कंटाळले आहे! घरातली एक गोष्ट उचला, अर्धी नाही, सगळी. आईंची औषधं घ्या. पाकिटात किती गोळ्या उरल्या ते तुम्ही बघा. डॉक्टरांची चिठ्ठी किती जुनी झाली ते तुम्ही बघा. त्यांनी गोळी बदलली तर जुनी डब्यातून तुम्ही काढा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या पोटात दोन्ही जातात. दुकानात नसली तर दुसऱ्या दुकानात जा, मला फोन करून "इथे नाहीये" सांगू नका. मला माहीत असून काय उपयोग? विसरलात, तर आज गोळी का नाही हे तुमच्या आईला तुम्हीच सांगा. पहिले दोन महिने चुका होतील, होऊ देत. माझ्याही झाल्या होत्या, तेव्हा कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं. आणि सगळं नीट आणून डब्यात भरलंत, की ते मला येऊन सांगू नका. मी कुठे येते सांगायला?